एकसारख्या नावांचे अनेक हेडफोन: नाव बदलले तरी दुसऱ्या टॅबलेटवर जुनेच का दिसते?

ऋता

नमस्कार. आमच्या ग्रंथालयात बोलत्या पुस्तकांसाठी एक दालन आहे. तिथे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे 12 ब्लूटूथ हेडफोन आणि 4 टॅबलेट आहेत. वाचक आला की कोणताही मोकळा टॅबलेट आणि कोणताही मोकळा हेडफोन त्याला देतो. अडचण अशी आहे की टॅबलेटच्या ब्लूटूथ यादीत एकाखाली एक 12 वेळा तेच नाव दिसते. अंदाजाने एका नावावर बोट ठेवले, तर पुस्तकाचा आवाज पलीकडच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या कानात सुरू होतो आणि त्याचे ऐकणे मध्येच तुटते.

म्हणून पहिल्या टॅबलेटवर सेटिंग्जमध्ये जाऊन, प्रत्येक हेडफोनच्या नावाशेजारच्या चाकावर आणि मग पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारून मी नावे बदलली. त्या टॅबलेटवर सगळे छान दिसू लागले. दुसरा टॅबलेट उघडला, तर तिथे जुनीच बारा नावे जशीच्या तशी आहेत. हेच काम चारही टॅबलेटवर वेगवेगळे करायचे असेल, तर उद्या एखादा टॅबलेट बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. चारही ठिकाणी एकच नाव दिसेल, अशी काही सोय आहे का?

---

सुहास

ऋताताई, एकदा नाव बदलले की ते सगळीकडे बदललेले दिसायला हवे. माझ्याकडे एअरपॉड आहेत. आयफोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये त्यांच्या नावाशेजारच्या (i) वर जाऊन मी नाव बदलले आणि ते पुढे माझ्या लॅपटॉपवर, तसेच भावाच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही नवेच दिसले. तुमच्या दुसऱ्या टॅबलेटमध्ये काहीतरी बिघाड असावा. तो एकदा फॅक्टरी रीसेट करून पाहा.

---

तरंग

ऋताताई, कृपया टॅबलेट रीसेट करू नका. त्यात कोणताही बिघाड नाही.

सुहास यांनी जे लिहिले आहे ते त्यांच्या एअरपॉडपुरते बरोबर आहे, पण तो नियम सगळ्या हेडफोनांना लागू होत नाही. ब्लूटूथच्या हेडफोनला प्रत्यक्षात दोन ठिकाणी नाव असू शकते. पहिले नाव हेडफोनच्या स्वतःच्या स्मृतीत असते. आजूबाजूचे कोणतेही उपकरण त्याला विचारते, तेव्हा तो हेच नाव सांगतो, त्यामुळे ते सर्वांना दिसते. दुसरे नाव हे तुमच्या टॅबलेटने आपल्यापुरते ठेवलेले टोपणनाव असते. टॅबलेट हेडफोनला त्याच्या पत्त्यावरून ओळखतो, आणि त्या पत्त्यासमोर तुम्ही लिहिलेले नाव आपल्या नोंदीत ठेवतो. हेडफोनला त्याची काहीच कल्पना नसते. पेन्सिलीच्या चिन्हावरून तुम्ही जे बदललेत ते हे दुसरे नाव आहे, म्हणून ते दुसऱ्या टॅबलेटपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमधून बदललेले नाव असे टोपणनाव असते. विंडोजमध्ये उपकरणाच्या गुणधर्मांत जाऊन बदललेले नावही त्या संगणकापुरतेच राहते. आयफोनवर एअरपॉडचे नाव बदलताना मात्र फोन ते नाव थेट एअरपॉडमध्ये लिहितो, कारण फोन आणि एअरपॉड एकाच कंपनीचे असल्याने त्यांची आपसात तशी व्यवस्था केलेली आहे. सुहास यांना नवे नाव सगळीकडे दिसले ते त्यामुळे.

यातला फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्या फोनला तो हेडफोन आजवर एकदाही जोडलेला नाही, असा फोन घ्या. हेडफोन जोडणीच्या अवस्थेत टाका आणि त्या फोनच्या यादीत काय दिसते ते पाहा. तिथे नवे नाव दिसले, तर ते हेडफोनमध्येच बदललेले आहे. जुने दिसले, तर तुम्ही बदललेले नाव फक्त टोपणनाव आहे. आधी जोडलेल्या फोनवर ही परीक्षा घेऊन उपयोग नाही, कारण त्याच्याकडे जुनी नोंद साठवलेली असू शकते.

हेडफोनमधले नाव बदलायला बहुतेक वेळा त्या कंपनीचे ॲप लागते. बोस किंवा जेबीएल यांच्यासारख्या कंपन्यांच्या ॲपमध्ये अनेक मॉडेलांसाठी ही सोय असते. तुमच्या हेडफोनसाठी ॲप आहे का आणि त्यात `Rename` किंवा `Device name` असे काही दिसते का, ते आधी पाहा.

---

सुहास

हे मला ठाऊक नव्हते, चांगले समजावलेत. मग एक शंका राहते. माझ्या पत्नीकडे दुसऱ्या कंपनीचे हेडफोन आहेत. मी माझ्या आयफोनवर त्यांचे नाव बदलले, तर तिच्या फोनवर ते बदलणार नाही, असेच ना?

---

तरंग

होय. ते तुमच्या फोनपुरते राहील. तिच्या फोनवर कंपनीने दिलेले नाव किंवा तिने स्वतः ठेवलेले टोपणनाव दिसत राहील.

---

अजित

माझीही जवळपास अशीच अडचण आहे. गाडीच्या पडद्यावर माझा फोन आणि मुलाचा फोन एकाच नावाने दिसतात, कारण दोन्ही एकाच मॉडेलचे आहेत. गाडी सुरू केली की नेमका कोणता फोन जोडला आहे हे कळत नाही. त्यासाठी कोणते ॲप लागेल?

---

तरंग

अजितराव, तुमची अडचण उलट्या दिशेची आहे. इथे हेडफोनचे नाव बदलण्याची चर्चा चालू आहे, तुम्हाला फोनचे बदलायचे आहे आणि त्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये `Device name` असते. आयफोनवर ते `General` मध्ये `About` उघडल्यावर `Name` या नावाने सापडते. बदल केल्यावरही गाडीच्या पडद्यावर जुनेच नाव राहिले, तर गाडीच्या यादीतून तो फोन काढून टाका आणि नव्याने जोडा.

---

ऋता

तरंग, मनापासून आभार. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या फोनवर तुम्ही सांगितलेली परीक्षा घेतली. त्या फोनवर जुनेच नाव दिसले, म्हणजे मी बदललेली सगळी नावे टोपणनावेच होती.

आमच्या हेडफोनसाठी कंपनीचे ॲप आहे आणि त्यात नाव बदलण्याची जागाही सापडली. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बारा हेडफोनांपैकी ॲप नेमका कोणता हेडफोन उघडते आहे, हे मला कसे कळणार? आणि नाव मराठीत, म्हणजे देवनागरीत ठेवले तर चालेल का? आमचे बरेच वाचक ज्येष्ठ आहेत आणि त्यांना देवनागरी वाचणे सोयीचे जाते.

---

तरंग

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथेच सर्वाधिक गोंधळ होतो.

काम एका वेळी एकाच हेडफोनवर करा आणि बाकीचे अकरा पूर्ण बंद ठेवा. नुसते टेबलावर ठेवून चालणार नाही, कारण चालू असलेला हेडफोन आपण होऊन आधीच्या टॅबलेटला जाऊन जोडला जातो. नावे बदलण्यासाठी एकच टॅबलेट किंवा फोन ठरवा आणि उरलेल्या टॅबलेटचे ब्लूटूथ तोवर बंद ठेवा. ठरवलेल्या टॅबलेटवर या हेडफोनांच्या जुन्या जोडण्या असतील, तर त्या `Forget` करून यादी मोकळी करा.

मग पहिला हेडफोन जोडणीच्या अवस्थेत टाका. बहुतेक हेडफोनांवर त्यासाठी चालू करण्याचे किंवा ब्लूटूथचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते आणि दिवा वेगळ्या रीतीने लुकलुकू लागतो. तो जोडला गेला की अँड्रॉइडवर त्याच्या तपशिलाच्या पानावर, अगदी तळाशी, त्याचा ब्लूटूथ पत्ता दिसतो. तो `3C:5A:10:9E:4F:2A` अशा सहा जोड्यांचा असतो (हा नमुन्यादाखल लिहिला आहे). एकाच मॉडेलच्या हेडफोनांच्या पत्त्यांतल्या पहिल्या तीन जोड्या सहसा सारख्या असतात, कारण त्या उत्पादकाच्या असतात. शेवटच्या दोन जोड्या, म्हणजे इथे `4F:2A`, कागदावर लिहून ठेवा. पुढे कधी नाव पुसले गेले, तरी कोणता हेडफोन कोणता हे त्यावरून निश्चित ठरवता येईल, कारण नाव बदलले तरी हा पत्ता बदलत नाही.

आता ॲप उघडून हेडफोनला क्रमांक असलेले नाव द्या, आणि ॲप बंद करण्यापूर्वीच त्या हेडफोनच्या पट्टीवर आतल्या बाजूला तोच क्रमांक चिकटवा. यातला क्रम महत्त्वाचा आहे. बारा नावे आधी बदलून घेतली आणि चिकटपट्ट्या शेवटी लावायला बसलात, तर पडद्यावरचे नाव आणि हातातली वस्तू यांचा मेळ लावण्यासाठी पुन्हा एकेक हेडफोन चालू करून पाहावा लागतो.

त्यानंतर हेडफोन बंद करून पुन्हा चालू करा. काही हेडफोन नवे नाव पुन्हा चालू झाल्यावरच सांगू लागतात. मग आधी न जोडलेल्या फोनवर परीक्षा घ्या. तिथे नवे नाव दिसले की तो हेडफोन बंद करा आणि दुसरा हातात घ्या.

उरलेल्या तीन टॅबलेटवर जुनी नावे काही काळ तशीच राहू शकतात. जोडलेल्या उपकरणाचे नाव टॅबलेट स्वतःकडे साठवून ठेवतो आणि दर वेळी नव्याने विचारतोच असे नाही. अशा टॅबलेटवर तो हेडफोन `Forget` करून पुन्हा जोडणे, हा खात्रीचा उपाय आहे. ज्या टॅबलेटवर तुम्ही पेन्सिलीच्या चिन्हावरून नावे दिली होती, त्यावर तर हे करावेच लागेल, कारण टोपणनाव दिलेले असले की हेडफोनचे खरे नाव त्यामागे झाकले जाते.

देवनागरीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, ते संध्याकाळी लिहितो.

---

आरोही

धागा शोधत इथे आले आणि नावाच्या रचनेबद्दल लिहावेसे वाटले. मला दिसत नाही. मी फोन टॉकबॅकवर, म्हणजे ऐकून वापरते. ब्लूटूथची यादी माझ्यासाठी पडद्यावर एका दृष्टिक्षेपात दिसणारी गोष्ट नाही, ती एकामागून एक ऐकावी लागणारी रांग आहे. त्यामुळे नावातला वेगळेपणा कुठे आहे, याला फार महत्त्व येते.

समजा तुम्ही नावे अशी ठेवलीत: «ग्रंथालय श्रवण दालन हेडफोन 1», मग तेच पुढे 2, 3 असे. मला पाचवा हेडफोन हवा असेल, तर प्रत्येक ओळीवर «ग्रंथालय श्रवण दालन हेडफोन» इतके ऐकून मगच क्रमांक कळतो. तेच नाव «5 श्रवण» असेल, तर पहिला शब्द कानावर पडताच मी पुढच्या ओळीवर बोट सरकवू शकते. ज्यांना दिसते, त्यांनाही याचा उपयोग होईल असे वाटते, कारण मैत्रीण सांगते की अरुंद पडद्यावर लांब नावाचा शेवट कापला जातो, आणि क्रमांक नेमका तिथेच असतो.

दुसरी विनंती अशी की नावात चित्रचिन्हे घालू नका. स्क्रीन रीडर प्रत्येक चिन्हाचे पूर्ण वर्णन वाचून दाखवतो. हृदयाचे किंवा संगीताचे चिन्ह सुरुवातीला असेल, तर आधी ते वर्णन ऐकावे लागते.

तिसरी गोष्ट फक्त ऐकणाऱ्यालाच जाणवेल अशी आहे. उच्चाराने जवळची नावे शेजारी ठेवू नयेत. घाईत «बावीस» आणि «बेचाळीस» यांत माझी गफलत होते. तुमचे बाराच हेडफोन असल्याने क्रमांकांत हा प्रश्न फारसा येणार नाही, पण कोणी फुलांची किंवा नद्यांची नावे द्यायचे ठरवले, तर हे लक्षात ठेवावे.

---

ऋता

आरोही, हे माझ्या मनातही आले नसते, आणि आमच्या दालनात येणाऱ्या काही वाचकांना दिसत नाही, त्यामुळे हे आमच्यासाठी अगदी कळीचे आहे. क्रमांक आधी ठेवते.

---

सुहास

क्रमांक आधी ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. यादी नावाच्या क्रमाने लागते, म्हणून 01, 02 असे लिहिले की हेडफोन ओळीने दिसतील. घरचा स्पीकर सर्वांत वर यावा म्हणून मी त्याच्या नावाआधी A लावला आहे.

---

तरंग

सुहास, यावर विसंबून राहू नये. आसपासची उपकरणे शोधताना दिसणारी यादी कोणत्या क्रमाने लागेल, हे प्रत्येक फोन वेगवेगळे ठरवतो. कुठे आधी सापडलेले आधी दिसते, कुठे जवळचे, म्हणजे ज्याचा सिग्नल जोरदार आहे ते वर येते. जोडलेल्या उपकरणांची यादीही पुष्कळदा शेवटी वापरलेल्याच्या क्रमाने असते. 01 असे दोन अंकांत लिहिण्याला माझी हरकत नाही, कारण सर्व नावांची लांबी सारखी राहते आणि ती वाचायला नीट दिसतात, पण ती ओळीने लागतील असे गृहीत धरू नका.

आता देवनागरीविषयी. ब्लूटूथच्या नियमांनुसार उपकरणाचे नाव जास्तीत जास्त 248 बाइटांचे असू शकते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक मुळाक्षराला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, मात्रा, पाय मोडण्याचे चिन्ह या प्रत्येकाला वेगळे तीन. «वाचनालय» या शब्दात व, काना, च, न, काना, ल, य असे सात घटक येतात, म्हणून त्याचे 21 बाइट होतात. 248 मध्ये ते सहज बसतात, त्यामुळे नियमांच्या बाजूने देवनागरीला काहीच अडथळा नाही.

अडचण दुसरीकडे येते. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर उपकरण आपली ओळख ज्या छोट्या संदेशातून चहूकडे पाठवते, त्याच्या नेहमीच्या प्रकारात सगळे मिळून 31 बाइटच मावतात. त्यातले काही इतर माहितीला जातात, म्हणून नावाला जेमतेम 26 ते 29 उरतात आणि अनेकदा त्याहूनही कमी. नाव लांबले, तर उपकरण त्याचा फक्त सुरुवातीचा तुकडा पाठवते. «वाचनालय डावा» याचे 34 बाइट होतात, म्हणजे ते तिथे पूर्ण मावत नाही. तोडताना उपकरणाने बाइट मोजून बेधडक कापले, तर शेवटच्या अक्षराचे तीन बाइट अर्धवट राहतात आणि त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. असा चौकोन नावाच्या अगदी शेवटी दिसला, तर नाव कापले गेले आहे असे समजावे. पूर्ण नावच चौकोनांनी भरलेले दिसले, तर कारण वेगळे आहे: पाहणाऱ्या उपकरणाकडे देवनागरी टंकच नाही. जुन्या गाड्यांच्या पडद्यांवर आणि साध्या म्युझिक सिस्टिमवर हे घडते.

याशिवाय प्रत्येक कंपनीचे ॲप आपली स्वतःची मर्यादा घालते आणि काही ॲप रोमन अक्षरे व अंक सोडून दुसरे काही स्वीकारतच नाहीत. म्हणून माझे मत असे आहे की नाव रोमन लिपीत, 15 अक्षरांच्या आत, आणि क्रमांकाने सुरू होणारे ठेवावे. उदाहरणार्थ `05 Shravan`. हे दहा बाइटांत बसते आणि कुठल्याही पडद्यावर वाचता येते.

---

आरोही

तरंग, रोमन लिपीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. स्क्रीन रीडरचा आवाज इंग्रजीवर ठेवलेला असेल, तर `Shravan` कसाबसा वाचला जातो. मराठीवर असेल, तर काही फोन त्याच शब्दासाठी आवाज बदलतात आणि काही एकेक अक्षर सुटे वाचतात. देवनागरीतले «5 श्रवण» मराठी आवाजात स्वच्छ ऐकू येते. दालनातले टॅबलेट नवे असतील आणि गाडी, म्युझिक सिस्टिम वगैरेंशी काही संबंधच नसेल, तर देवनागरी टाळण्याचे कारण उरत नाही. «श्रवण» या शब्दात श, पाय मोडण्याचे चिन्ह, र, व, ण असे पाच घटक आहेत, म्हणजे 15 बाइट. त्यात अंक आणि मोकळी जागा मिळवली, तरी ते तुमच्या 26 च्या आतच राहते.

---

तरंग

हिशेब बरोबर आहे. वाचक ऐकून वापरणारे असतील तर तुमचा मुद्दाही मान्य आहे. अंक मात्र रोमन ठेवा. देवनागरी ५ ला तीन बाइट लागतात, रोमन 5 ला एकच. आणि आधी एकाच हेडफोनवर हे नाव देऊन चारही टॅबलेटवर पाहा, मगच बाकीच्यांना हात लावा. एवढे असूनही अनेक प्रकारची उपकरणे जोडली जाणार असतील, तिथे मी रोमनच सुचवेन.

---

दीपमाळ

माझा प्रश्न घरातल्या स्पीकरचा आहे आणि त्याला कोणतेही ॲप नाही. आमच्या इमारतीत हाच स्पीकर बऱ्याच जणांकडे आहे. यादीत एकच नाव तीन-चार वेळा दिसते आणि मला शेजाऱ्यांच्या घरात चुकून गाणी वाजवायची नाहीत. नाव बदलण्याचा काही मार्ग आहे का?

---

तरंग

ॲप नसेल तर स्पीकरच्या आतले नाव बहुतेक वेळा बदलता येत नाही, कारण ते फर्मवेअरमध्ये घातलेले असते आणि बाहेरून लिहिण्याची वाट ठेवलेली नसते. «कोणत्याही स्पीकरचे नाव बदला» असे सांगणारी जी ॲप मिळतात, ती फोनवरचे टोपणनावच बदलतात. त्यामुळे तुमच्यासाठी योग्य मार्ग हा आहे की एकदाच अगदी खात्रीने योग्य स्पीकर जोडावा, प्रत्येक फोनवर त्याला टोपणनाव द्यावे आणि पुढे नेहमी जोडलेल्या उपकरणांच्या यादीतूनच तो निवडावा. आसपास शोधणाऱ्या यादीकडे पुन्हा जाण्याची गरजच पडू नये.

खात्रीने जोडण्यासाठी आधी तुमचा स्पीकर बंद ठेवून यादी उघडा आणि ते नाव किती वेळा दिसते ते मोजा. मग यादीचे पान बंद करा, स्पीकर जोडणीच्या अवस्थेत टाका, फोन त्याच्या अगदी जवळ न्या आणि पान पुन्हा उघडा. वाढलेली ओळ तुमची. पान बंद करून उघडणे महत्त्वाचे आहे, कारण बंद झालेली उपकरणेही यादीत काही वेळ रेंगाळतात. दोन्ही वेळा शोध पूर्ण होऊ द्या. एका शोधाला साधारण दहा ते बारा सेकंद लागतात आणि काही नावे त्याच्या अगदी शेवटी उगवतात, कारण फोनला आधी उपकरणाचा पत्ता मिळतो आणि नाव त्यानंतर वेगळे विचारावे लागते.

जोडल्यावर आवाज अगदी कमी ठेवून काहीतरी वाजवून पाहा. तो तुमच्याच खोलीत आला, की तपशिलाच्या पानावरचा पत्ता लिहून घ्या आणि टोपणनाव द्या.

लिनक्सच्या संगणकाला स्पीकर आधी एकदा जोडलेला असेल, तर टोपणनाव देण्याचे काम तिथे असे होते. पत्त्याच्या जागी तुमच्या स्पीकरचा पत्ता घाला. `connect` झाल्यावर दिलेले टोपणनाव त्या जोडलेल्या स्पीकरलाच लागते.

```
bluetoothctl
devices
connect 3C:5A:10:9E:4F:2A
set-alias Diwankhana
```

---

दीपमाळ

वाढलेली ओळ शोधण्याची युक्ती लगेच लागू पडली, मनापासून धन्यवाद. टोपणनाव दिले तर शेजाऱ्यांचा फोन माझ्या स्पीकरला जोडला जाणे थांबेल का?

---

तरंग

नाही. टोपणनावच काय, स्पीकरच्या आतले नाव बदलले असते तरी ते थांबले नसते. नाव ओळखण्यासाठी असते, अडवण्यासाठी नाही. असे बहुतेक स्पीकर जोडताना कोणताही संकेतांक मागत नाहीत, त्यामुळे जोडणीच्या अवस्थेत असलेला स्पीकर जो आधी निवडेल त्याला जोडला जातो. काही स्पीकर चालू होताच ओळखीचा फोन शोधतात आणि तो मिळाला नाही, तर आपण होऊन जोडणीच्या अवस्थेत जातात. तुमचा तसा असेल, तर आधी फोनचे ब्लूटूथ चालू करा आणि मग स्पीकर, म्हणजे तो थेट तुमच्या फोनला जाऊन मिळेल.

नावाबद्दल एक सूचना इथेच करतो, कारण इमारतीत ती लागू पडते. ज्यांना आतले नाव बदलता येते, त्यांनी त्यात आडनाव किंवा घराचा क्रमांक घालू नये. ते नाव भिंतीपलीकडच्या प्रत्येक फोनवर दिसते. फोनवरचे टोपणनाव मात्र दुसऱ्या कोणाला दिसत नाही, तिथे हवे ते लिहा.

---

ऋता

आठवडाभराने लिहिते आहे. सुचवल्याप्रमाणे आधी एका हेडफोनला «1 श्रवण» हे नाव देऊन चारही टॅबलेटवर पाहिले. नीट दिसले, म्हणून बाकीचेही बदलले. चारही टॅबलेटवरच्या जुन्या जोडण्या काढून नव्याने जोडल्यावर आता सगळीकडे एकच नावे दिसतात, आणि वाचकाला हेडफोन देताना आम्ही पट्टीवरचा आकडा सांगतो. पलीकडच्या टेबलावर आवाज जाण्याचा प्रकार थांबला आहे.

दोन गोष्टी मात्र उरल्या आहेत. 7 क्रमांकाचा हेडफोन नीट चार्ज होत नव्हता, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तो रीसेट केला, आणि त्याचे नाव पुन्हा कारखान्यातले झाले. पत्त्याचे शेवटचे अंक लिहून ठेवले होते, त्यामुळे तो ओळखता आला आणि नाव पुन्हा देता आले. दुसरी गोष्ट अशी की एका टॅबलेटवर काही हेडफोन शोधताना दोन ओळी दिसतात. एक «3 श्रवण», आणि दुसरी `LE_` ने सुरू होणारी, जिच्यात जुनेच नाव आहे. ॲपमध्ये नाव बदलूनही ती दुसरी ओळ बदलत नाही.

---

तरंग

रीसेटने नाव पुसले जाणे अपेक्षित आहे. पत्त्यांचा तो कागद जपून ठेवा.

`LE_` ने सुरू होणारी ओळ हा तोच हेडफोन आहे, पण कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवरून दिसणारा. असे हेडफोन तो मार्ग मुख्यतः ॲपशी बोलण्यासाठी वापरतात. आवाजासाठी «3 श्रवण» हीच ओळ निवडा. दुसरी निवडली, तर जोडले गेल्यासारखे दिसते आणि आवाज मात्र टॅबलेटमधूनच येत राहतो. त्या ओळीचे नाव कसे बदलायचे, याला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. काही हेडफोनांत दोन्ही नावे एकत्र बदलतात, काहींत कमी ऊर्जेचे नाव कारखान्यात ठरते ते तसेच राहते. फर्मवेअरचे नवे अद्यतन आले असेल, तर ते एकाच हेडफोनवर घालून पाहा. त्याने ते नाव बदलेलच असे मी म्हणणार नाही.

---

आरोही

ऋता, ती `LE_` ओळ ऐकताना «एल ई» अशी सुरू होते आणि तुमची नावे आकड्याने सुरू होतात, त्यामुळे ऐकून वापरणारा वाचक ती लगेच ओलांडून पुढे जाऊ शकेल. दालनातल्या वाचकांना एवढे आधी सांगून ठेवा की आकड्याने सुरू न होणारी ओळ निवडायची नाही.

---

ऋता

तसा फलक आजच लावते, आणि ज्यांना फलक वाचता येत नाही त्यांना हेडफोन हातात देतानाच सांगेन. अद्यतन एका हेडफोनवर घालून पाहिले की त्या दुसऱ्या ओळीचे काय झाले, ते इथे लिहिते.